टी-टेस्ट म्हणतो फरक नाही, मान-व्हिटनी म्हणतो आहे: रँक लावल्यावर नक्की काय होतं

प्रश्न: सर, एमएस्सी अ‍ॅग्रीचा प्रोजेक्ट आहे, रावेर-यावल भागातल्या मृगबाग केळीवर. लागवडीनंतर पहिल्या तीन महिन्यांत हरण्या रोगामुळे म्हणजे काकडीच्या मोझॅक विषाणूमुळे, सीएमव्हीमुळे, दर १००० झाडांमागे किती झाडं उपटावी लागली ते मोजलं. ज्यांच्या बांधाला काकडीवर्गीय पीक होतं असे ७ प्लॉट: १४, २२, ९, ३१, ४७, १८, २६०. ज्यांच्या नव्हतं असे ८ प्लॉट: ६, ११, ३, ८, १६, ५, १२, २०. टी-टेस्टला पी ०.२२ आला. गाईड म्हणाले डेटा नॉर्मल नाही, मान-व्हिटनी कर, त्यात पी ०.०१४ आला. आता खरं कोणतं? आणि आकडे फेकून नुसते नंबर लावले तर ती फसवणूक नाही का? की २६० वाला प्लॉटच काढून टाकू?

उत्तर:

भाऊ, २६० ला हात लावू नको. त्या शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर चौथाई बाग उपटली गेलीय, तो आकडा टायपिंगची चूक नसेल तर तो तुझ्या डेटातला सगळ्यात महत्त्वाचा प्लॉट आहे. वहीत एकदा तपासून घे, शेतकऱ्याला फोन करून विचार, आणि खरा असेल तर तो राहणार.

आता आधी टी-टेस्टला काय झालं ते बघू कारण ते समजलं की रँकची गरज आपोआप कळते. काकडीवाल्या प्लॉटची सरासरी येते ५७.३ आणि बिनकाकडीवाल्यांची १०.१. फरक ४७ चा, म्हणजे केवढा मोठा. पण टी म्हणजे हा फरक भागिले त्याची स्टँडर्ड एरर, आणि स्टँडर्ड एरर येते ३४ च्या आसपास, कारण त्या एका २६० ने पहिल्या गटाचा पसारा फुगवून ठेवलाय, स्टँडर्ड डेव्हिएशन ९० वर गेलंय. म्हणून टी नुसता १.३८.

आता एक प्रयोग करून बघ, कागदावरच. त्या २६० च्या जागी ६०० टाक. म्हणजे काकडीवाल्या गटात रोग अजून भयंकर, फरक अजून स्पष्ट असायला हवा ना? टी उतरून १.१६ होतो. आणि उलटं, तो प्लॉट काढूनच टाक, म्हणजे सगळ्यात जास्त नुकसान झालेला पुरावाच गायब कर, तर टी वाढून २.२४ होतो. म्हणजे जितका रोग जास्त तितका टेस्ट म्हणतो की मला फरक दिसत नाही. इथे काहीतरी बिघडलंय हे यावरूनच ओळखायचं. सरासरी त्या एका आकड्यामागे पळते, पण पसारा तिच्याहून जोरात पळतो. फक्त ७-८ प्लॉट असताना हे सावरायला काहीच नसतं, मोठ्या सॅम्पलमध्ये सरासरीचं वागणं बऱ्यापैकी नॉर्मल होत जातं म्हणून तिथे इतका त्रास होत नाही.

आणि रोगाचे आकडे असे येणारच. हा विषाणू पसरवणारा मावा एका प्लॉटमध्ये शिरला, एका झाडावरून दुसऱ्यावर गेला, ढगाळ हवा राहिली की बाग पंधरा दिवसांत हातची जाते, शेजारच्या बागेत मात्र दहाच झाडं. बहुतेक आकडे लहान आणि एखादा प्रचंड, उजवीकडे लांब शेपूट. शून्याच्या खाली आकडा जाऊच शकत नाही म्हणून डावीकडे शेपूट नाही. यात चूक कोणाची नाही, रोगाचा स्वभावच तसा आहे.

आता रँक. सगळे १५ प्लॉट एकत्र कर, कोण कुठल्या गटातला ते क्षणभर विसर, आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लाव. काकडीवाल्याला "का" आणि बिनकाकडीवाल्याला "बि" लिहितो:

३ बि, ५ बि, ६ बि, ८ बि, ९ का, ११ बि, १२ बि, १४ का, १६ बि, १८ का, २० बि, २२ का, ३१ का, ४७ का, २६० का.

पहिल्याला १ नंबर, शेवटच्याला १५. काकडीवाल्यांच्या वाट्याला नंबर आले ५, ८, १०, १२, १३, १४, १५, बेरीज ७७. बिनकाकडीवाल्यांची बेरीज ४३. दोन्ही मिळून १२० व्हायलाच पाहिजे कारण १ ते १५ ची बेरीज १२० असते, हाताने करताना हा ताळा नक्की घे.

आता २६० चं ६०० झालं तरी त्याचा नंबर १५ च, ४८ असता तरी १५ च. तू म्हणतोस आकडे फेकले, तर नक्की काय फेकलं ते नीट बघ. कोण कोणाच्या पुढे ही माहिती सगळीच्या सगळी ठेवली, किती पुढे ही माहिती सोडली. आणि तुझ्या डेटात "किती पुढे" हीच गोष्ट भरवशाची नव्हती, एकाच प्लॉटवर टांगलेली होती. त्यामुळे फसवणूक अजिबात नाही, ज्या माहितीवर उभं राहता येतं तिच्यावर उभं राहिलो इतकंच.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि बहुतेक जण इथपर्यंत येतच नाहीत, सॉफ्टवेअरचा पी उचलतात आणि निघतात. ७७ ही बेरीज जास्त आहे की साधी, हे ठरवायचं कसं?

समज की काकडीचा काहीच संबंध नाही. म्हणजे दोन्ही गटांतले आकडे एकाच प्रकारे येतात, मग तो प्रकार नॉर्मल असो, शेपटीवाला असो, कसाही असो. तसं असेल तर या १५ जागांपैकी कुठल्या ७ जागांवर "का" ची चिठ्ठी पडेल याला काही कारण नाही, प्रत्येक वाटणी सारखीच शक्य. १५ पैकी ७ जागा निवडायचे एकूण प्रकार ६४३५. प्रत्येकाची शक्यता ६४३५ पैकी १. बस्स, एवढंच. या वाक्यात कुठे नॉर्मल कर्व्ह आला का? नाही आला, म्हणून या टेस्टला नॉर्मल असण्याची गरज नाही. मूळ आकड्यांचं वाटप कसलंही असलं तरी नंबर नेहमी १ ते १५ च असतात, आणि त्यांच्या वाटण्या मोजता येतात. पी-व्हॅल्यू इथे कुठल्या गृहीत धरलेल्या वक्राच्या क्षेत्रफळातून येत नाही, मोजणीतून येते. मला स्वतःला स्टॅटिस्टिक्समध्ये याच्याइतकी स्वच्छ गोष्ट क्वचितच दिसते.

मोजायचं सोपं जावं म्हणून बेरजेऐवजी यू घेतात. काकडीवाल्यांचा यू म्हणजे ७७ वजा २८, कारण ७ जणांची कमीत कमी बेरीज १ ते ७ म्हणजे २८ असते. यू आला ४९. बिनकाकडीवाल्यांचा ४३ वजा ३६ म्हणजे ७. दोन्ही मिळून ५६ आणि ५६ म्हणजे ७ गुणिले ८. हा योगायोग नाही. यू म्हणजे खरं तर जोड्यांची मोजणी आहे. प्रत्येक काकडीवाला प्लॉट प्रत्येक बिनकाकडीवाल्याशी भिडव, ५६ जोड्या होतात, त्यांतल्या किती जोड्यांत काकडीवाल्याचा आकडा मोठा? ९ वाला ४ जणांच्या पुढे आहे, १४ वाला ६ जणांच्या, १८ वाला ७, आणि २२, ३१, ४७, २६० हे चौघे आठही जणांच्या पुढे. ४ अधिक ६ अधिक ७ अधिक ३२, झाले ४९. नंबर लावून बेरीज करणं आणि जोड्या मोजणं हे एकच काम आहे. पहिली वाट १९४५ मध्ये फ्रँक विल्कॉक्सनने दिली, तो मूळचा केमिस्ट आणि कीटकनाशकांवर काम करणारा माणूस, म्हणजे तुझ्या-माझ्याच गल्लीतला. दुसरी वाट १९४७ मध्ये मान आणि व्हिटनी यांनी दिली. त्यामुळे कुठे विल्कॉक्सन रँक-सम दिसलं आणि कुठे मान-व्हिटनी यू दिसलं तर गोंधळू नको, टेस्ट एकच. फक्त विल्कॉक्सन साइन्ड-रँक नावाची वेगळी टेस्ट आहे, ती जोडीच्या डेटासाठी असते, एकाच प्लॉटचं आधी आणि नंतर असं असेल तर. ती इथे लावायची नाही.

आता मोजणी. बिनकाकडीवाल्यांचा यू ७ आलाय, म्हणजे ५६ पैकी फक्त ७ जोड्या उलट्या गेल्या. ६४३५ वाटण्यांपैकी किती वाटण्यांत ७ किंवा त्याहून कमी जोड्या उलट्या जातात? शून्य उलटी जाणारी वाटणी १, एक उलटी जाणारी १, दोन वाल्या २, तीन वाल्या ३, मग ५, ७, ११ आणि बरोबर सात उलट्या जाणाऱ्या १५. बेरीज ४५. उलट्या दिशेने इतकंच टोकाचं असतं तरी आपण चकित झालोच असतो म्हणून दुप्पट, ९०. ९० भागिले ६४३५ म्हणजे ०.०१४. तुझ्या सॉफ्टवेअरने दिलेला पी हाच. चिठ्ठ्या आपोआप पडल्या असत्या तर अशी किंवा याहून टोकाची वाटणी १००० वेळात १४ वेळा दिसली असती, असा त्याचा सरळ अर्थ.

म्हणून "खरं कोणतं" याचं उत्तर असं की दोघं दोन वेगळे प्रश्न विचारतात. टी-टेस्ट विचारतो सरासरीत फरक आहे का, आणि तुझ्या डेटात सरासरीबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही हे त्याचं म्हणणं चूक नाहीच. मान-व्हिटनी विचारतो की एका गटातला कुठलाही एक प्लॉट आणि दुसऱ्यातला कुठलाही एक घेतला तर पहिल्याचा आकडा मोठा असण्याची शक्यता अर्ध्याहून वेगळी आहे का. तुझ्याकडे ५६ पैकी ४९, म्हणजे ०.८७५. हा आकडा थिसिसमध्ये पी च्या आधी लिही कारण शेतकऱ्यालाही तो समजतो: काकडीवाला एक प्लॉट आणि बिनकाकडीवाला एक प्लॉट अशी कुठलीही जोडी घेतली तर आठपैकी सात वेळा काकडीवाल्याकडे जास्त झाडं उपटली गेली.

आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. गाईडच नव्हे तर बाहेरून येणारे परीक्षकसुद्धा सर्रास म्हणतात की मान-व्हिटनी म्हणजे मिडियनची तुलना. नाही. हे बघ, एक गट १, २, ३, १०, ११, १२, १३ आणि दुसरा ७, ८, ९, १०, ३०, ४०, ५०. दोघांचा मिडियन १०. पण जोड्या मोजल्या, आणि १०-१० ची बरोबरी अर्धी धरली, तर दुसरा गट ४९ पैकी साडेतेहतीस जोड्यांत पुढे, म्हणजे ०.६८. असेच गट मोठे असते, प्रत्येकी शंभर-शंभर, तर टेस्टने छातीठोक फरक दाखवला असता आणि मिडियन मात्र एकच राहिला असता. दोन्ही गटांच्या वाटपाचा आकार सारखा असून एक फक्त बाजूला सरकलेला असेल तेव्हाच मिडियनची भाषा चालते. तुझ्या गटांत तसं नाहीये, काकडीवाल्यांचा पसारा कितीतरी जास्त आहे, त्यामुळे मिडियन २२ आणि ९.५ हे माहितीसाठी जरूर दे पण "मिडियनमध्ये सिग्निफिकंट फरक" असं वाक्य लिहू नको.

पसारा इतका वेगळा असण्याचा अजून एक धोका आहे. वाटण्या सारख्याच शक्य हे आपण "दोन्ही गट अगदी एकाच प्रकारचे" असं धरूनच म्हटलं होतं. त्यामुळे छोटा पी आला तर नक्की एवढंच कळतं की गट एका प्रकारचे नाहीत. तो वेगळेपणा फक्त पसाऱ्यातला असू शकतो, आणि गट लहानमोठे असतील, त्यातून लहान गटाचा पसारा जास्त असेल तर टेस्ट जरा जास्तच सहज हो म्हणते. तुझ्या डेटात उघड दिसतंय की गट वर सरकलाय, नुसता पसरलेला नाही, कारण वरचे चारही नंबर काकडीवाल्यांचे आणि खालचे चारही बिनकाकडीवाल्यांचे. नुसता पसारा असता तर काकडीवाले दोन्ही टोकांना दिसले असते. हे डोळ्यांनी बघायची सवय लाव. शंका असेल तर ब्रुनर-मुन्झेल नावाची टेस्ट आहे, २००० सालची, ती वेगळे पसारे चालवून घेते, पण ७-८ प्लॉटवर तिचाही हात थोडा थरथरतो.

"किती फरक" हे सांगायला एक युक्ती, जी मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. रँक लॉग घेतल्याने बदलत नाहीत, ९ हा ११ पेक्षा लहान तर त्याचा लॉगही लहान, म्हणून पी तोच राहतो. पण फरकाचा अंदाज लॉगवर काढला तर तो "किती पट" अशा रूपात मिळतो, आणि रोगाच्या बाबतीत "पट" हीच भाषा शोभते, कारण रोग बेरजेने नाही तर गुणाकाराने वाढतो. तुझ्या डेटात शून्य नाही म्हणून लॉग सरळ घेता येतो. आर सॉफ्टवेअरमध्ये ते असं:

```r
j <- c(14, 22, 9, 31, 47, 18, 260)
n <- c(6, 11, 3, 8, 16, 5, 12, 20)
wilcox.test(j, n)
r <- wilcox.test(log(j), log(n), conf.int = TRUE)
exp(r$estimate); exp(r$conf.int)
```

`wilcox.test(j, n)` च्या उत्तरात `W = 49, p-value = 0.01399` दिसेल. आर ज्याला डब्ल्यू म्हणतो तो खरं तर पहिल्या गटाचा यू आहे, रँकची बेरीज ७७ नाही. एसपीएसएसमध्ये केलंस तर दोनपैकी लहान यू म्हणजे ७ दिसू शकतो, दोघांची बेरीज ५६ आहे एवढं बघितलं की मनाची खात्री पटते. शेवटच्या ओळीतून येईल साधारण २.८ पट, आणि ९५ टक्क्यांची मर्यादा साधारण १.२ ते ९.४ पट. ५६ जोड्यांतल्या प्रत्येकीचं गुणोत्तर काढून त्यांचा मधला आकडा घेतला की हेच २.८ येतं, जादू काही नाही. मर्यादा किती रुंद आहे तेही बघ, फरक आहे हे कळलं पण तो थोडासा आहे की नऊपट आहे हे १५ प्लॉट सांगू शकत नाहीत.

बरोबरीचे आकडे असतील तर, म्हणजे दोन प्लॉटमध्ये १२-१२ आले आणि जागा ७ आणि ८ होत्या, तर दोघांना साडेसात-साडेसात. थोड्या बरोबऱ्यांनी बिघडत नाही, आर फक्त एवढं म्हणतो की अचूक मोजणी जमत नाही आणि नॉर्मलचा अंदाज वापरतो (हो, इथे नॉर्मल येतो, पण तो यू साठी, डेटासाठी नाही). पण अर्ध्या प्लॉटमध्ये शून्यच असतील तर मात्र रँकमध्ये फारसा अर्थ उरत नाही, तेव्हा रोग आला की नाही आला हा प्रश्न वेगळा काढून विचारावा.

अजून एक, तुझे ज्युनिअर ३ आणि ३ प्लॉट घेऊन येतात म्हणून सांगतो. ६ पैकी ३ जागांच्या वाटण्या फक्त २०. तिन्ही एका बाजूला, तिन्ही दुसऱ्या बाजूला असे टोकाचे दोनच प्रकार, म्हणजे सगळ्यात छोटा शक्य पी ०.१०. आकाशपाताळाचा फरक असला तरी ०.०५ च्या खाली जाणारच नाही. ४ आणि ४ घेतले तर ७० पैकी २, म्हणजे ०.०२९. प्लॉट निवडायच्या आधी हे मोजायचं असतं, नंतर रडून उपयोग नाही.

आणि "नॉर्मल नाही म्हणून मान-व्हिटनी" हे कारण थोडं बाजूला ठेव. आधी डेटा नॉर्मल आहे का ते तपासणारी शापिरो टेस्ट लावायची, डेटा त्यात फेल झाला की रँक, पास झाला की टी, ही पद्धत मला पटत नाही, कारण ७-८ आकड्यांवर शापिरोला फार काही दिसतच नाही, आणि एकाच डेटावर आधी टेस्ट निवडायला आणि मग तीच टेस्ट करायला असा दोनदा हात मारला जातो. रोगाचे आकडे शेपटीवाले असतात हे तुला शेतात जायच्या आधीच माहीत होतं, तेव्हाच आराखड्यात रँक टेस्ट लिहून टाकायची. आणि भीती बाळगू नको की नॉर्मल डेटावर ती लावली तर बरंच काही गमावू. मोठ्या सॅम्पलमध्ये डेटा खरोखर नॉर्मल असला तरी तिची कार्यक्षमता टी-टेस्टच्या ९५.५ टक्के असते, म्हणजे १०० प्लॉटवर रँक टेस्ट करणं म्हणजे साधारण ९५ प्लॉटवर टी-टेस्ट करणं. आणि सारख्या आकाराची वाटपं एकमेकांपासून सरकलेली असतील तर कुठल्याही आकारासाठी ती ८६.४ टक्क्यांच्या खाली जात नाही, हे हॉजेस आणि लेमन यांनी १९५६ मध्ये दाखवलंय. शेपटीवाल्या डेटावर ती टी च्या कितीतरी पुढे जाते.

आता ज्या गोष्टीने तुझा पी खरंच कोसळू शकतो ती सांगतो, आणि ती नॉर्मलची नाही. ते १५ प्लॉट १५ वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे आहेत का? आपण म्हटलं प्रत्येक वाटणी सारखी शक्य, ते तेव्हाच जेव्हा प्रत्येक प्लॉट आपापला स्वतंत्र आहे. तीन काकडीवाले प्लॉट एकाच भाऊबंदकीचे, एकाच बांधाला लागून असतील तर मावा तिन्हीकडे एकाच दिवशी उडालाय, मग त्या तीन चिठ्ठ्या वेगळ्या नाहीत, ती एकच चिठ्ठी तीनदा मोजली गेलीय आणि ६४३५ हा आकडाच खोटा ठरतो. रँक याला वाचवत नाही, कुठलीच टेस्ट वाचवत नाही. तसं असेल तर त्या तिघांचा मधला आकडा घेऊन एकच प्लॉट धर आणि पुन्हा कर. तसंच रोपं कुठल्या लॅबची होती, लागवड जूनच्या सुरुवातीची की जुलैची, तण किती होतं, हे दोन्ही गटांत सारखं होतं का ते बघ. काकडीवर्गीय पीक घेणारे सगळे उशिरा लावणारे निघाले तर फरक खरा असेल पण काकडीचा नसेल, आणि ते टेस्टच्या हातात नाही.

थिसिसमध्ये एवढं लिही: काकडीवर्गीय पिकाला लागून असलेले ७ प्लॉट, मिडियन २२, आकडे ९ ते २६०. नसलेले ८ प्लॉट, मिडियन ९.५, आकडे ३ ते २०. मान-व्हिटनी यू ४९, दुबाजू अचूक पी ०.०१४, काकडीजवळच्या प्लॉटचा आकडा मोठा असण्याची अंदाजे शक्यता ०.८७५, फरक साधारण २.८ पट, ९५ टक्के मर्यादा १.२ ते ९.४. आणि खाली पंधराही आकड्यांचे ठिपके काढून एक साधा ग्राफ टाक, अक्ष लॉगचा ठेव म्हणजे २६० पण दिसेल आणि खालचे एकमेकांवर चिकटणार नाहीत. परीक्षकाने त्यावर बोट ठेवून विचारलं की हा प्लॉट का ठेवला, तर शेतकऱ्याशी बोलून जे कळलं असेल ते सांग.